टँकरच्या खेपा आणि दुबार ओळी : फुगलेल्या बेरजेचा आढावा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळा तापला की डोंगरावरच्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कातळ आणि तीव्र उतार यामुळे पाणी सावित्रीकडे वाहून जाते, विहिरी आटतात आणि ग्रामपंचायतीकडून टँकरची मागणी जाते. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी होते, मंजुरी मिळते आणि खेपा सुरू होतात. प्रत्येक खेपेची नोंद लॉगबुकात होते. पुढे ती संगणकावर चढते आणि शेवटी कोणाच्या तरी डॅशबोर्डवर एका बेरजेत मिसळून जाते.

या बेरजेवर निर्णय होतात. खासगी टँकरचे बिल, पुढच्या आठवड्यात लागणारे टँकर, कोणत्या वाडीला पाणी कमी पडले याचा अंदाज, हे सगळे तिच्यावर ठरते. म्हणून बेरीज फुगलेली दिसली की ज्यांच्याकडे आकडे सांभाळायचे काम आहे त्यांना ते कळवावे लागते. कळवायचे कसे, पुरावा कोणता जोडायचा आणि दुरुस्ती कुठे व्हावी, यावर माहितीच्या क्षेत्रात बरीच वर्षे मतभेद आहेत. ते आज कुठवर आले आहेत, हे टँकरच्या नोंदींच्या आधारे या लेखात पाहू.

वादाची पार्श्वभूमी

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांत माहिती साठवण्याची गणिती मांडणी केली. त्यांच्या मांडणीत तक्ता म्हणजे संच, आणि संचात एकच घटक दोनदा येत नाही. म्हणजे दोन ओळी तंतोतंत सारख्या असूच शकत नाहीत. प्रत्येक ओळीला ओळखीची एक किल्ली हवी, मग ती एका रकान्याची असो की दोन-तीन रकान्यांची मिळून.

त्याच कंपनीत १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी या मांडणीवर बेतलेली प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. आजची SQL तिच्यातूनच आली. व्यवहारात मात्र या भाषेने दुबार ओळींना मुभा दिली. दुबार ओळी शोधून काढायला यंत्राला जास्त काम पडते, म्हणून ते काम आपोआप होत नाही. `DISTINCT` असे लिहून ते मागावे लागते. कॉड यांच्या मार्गाने जाणारे अभ्यासक या सवलतीवर पुढे सातत्याने टीका करत राहिले. ती सोयीची आहे असे मानणारेही तितकेच ठाम राहिले.

दुसरी परंपरा लोकसंख्या आणि आरोग्याच्या नोंदींतून आली. एकाच माणसाच्या जन्माची, लग्नाची, आजाराची आणि मृत्यूची नोंद वेगवेगळ्या दप्तरांत असते. ती जुळवण्याची कल्पना हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली मांडली. कॅनडातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ साली तिला संख्याशास्त्राचा पाया दिला. त्यांनी दोन नोंदींबाबत तीन निष्कर्ष ठेवले : एकच, वेगवेगळ्या, आणि सांगता येत नाही. तिसऱ्या गटातल्या जोड्या माणसाने पाहायच्या.

या दोन परंपरांचा कल वेगळा आहे. पहिली दुबार ओळ मुळात होऊच नये यासाठी झटते. दुसरी ती होणारच असे धरून तिला ओळखण्याची रीत शोधते. टँकरच्या नोंदी सांभाळणाऱ्याला दोन्हींची गरज पडते.

सारख्या दिसणाऱ्या तीन प्रकारच्या ओळी

फुगलेल्या बेरजेमागे निदान दोन वेगळी कारणे असतात. त्यांच्याशेजारी एक तिसरा प्रकार असतो, जो दोष नसतानाही दोषासारखा दिसतो. बहुतेक तक्रारी या तिघांच्या सरमिसळीमुळे अडकतात.

पहिला प्रकार म्हणजे खरी दुबार ओळ. तालुक्यावरून दिवसाचा तक्ता चढवताना रेंज जाते. पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून तोच तक्ता सकाळी पुन्हा चढवला जातो. पहिला प्रयत्न प्रत्यक्षात पोहोचलेला असतो. आता प्रत्येक खेप दोनदा आहे. घाटातल्या गावांमध्ये हे सहज घडते. चढवणाऱ्याने काही चुकीचे केलेले नसते, स्वीकारणाऱ्या यंत्रणेने 'हा तक्ता आधी आला आहे का' हे विचारलेले नसते.

दुसऱ्या प्रकारात मूळ तक्ता निर्दोष असतो. दोन तक्ते जोडताना ओळी वाढतात. खेपांच्या तक्त्यात वाडीचे नाव आहे आणि वाड्यांच्या यादीत त्या वाडीचे गाव, तालुका व लोकसंख्या आहे. जोडणी फक्त वाडीच्या नावावर केली तर काय होईल? वरचीवाडी, खालचीवाडी, मधलीवाडी, बौद्धवाडी, आदिवासीवाडी ही नावे गावोगाव आहेत. मधलीवाडीला गेलेली एक खेप यादीतल्या प्रत्येक मधलीवाडीशी जुळते आणि एकाच्या तीन ओळी होतात. मूळ तक्त्यात पाहिले तर दुबार ओळ सापडत नाही, डॅशबोर्डवर मात्र ती असते.

तिसरा प्रकार खऱ्याखुऱ्या पुनरावृत्तीचा. एकच टँकर एकाच दिवशी एकाच वाडीला सकाळी आणि दुपारी तितकेच पाणी देतो. तारीख, टँकर, वाडी, लिटर सगळे सारखे, फक्त वेळ वेगळी. डॅशबोर्डवर वेळेचा रकाना नसेल तर ही जोडी दुबारच वाटते. ती काढली तर वाडीला मिळालेले पाणी कागदावरून नाहीसे होते.

या तिघांतला फरक एका प्रश्नाने उघडा पडतो : एक ओळ म्हणजे नेमके काय? एक खेप, एक टँकर-दिवस, की एक वाडी? राज्याच्या टँकर अहवालात गावे, वाड्या आणि टँकर हे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, ते याचसाठी. एक टँकर अनेक वाड्यांना जातो. वाडीगणिक ओळी असलेल्या तक्त्यात टँकरचा रकाना मोजला, तर चार टँकरांचे अकरा होतात. कोणीही एकही चुकीची नोंद केलेली नसते.

एक आठवडा, दोन तालुके

आता एक उदाहरण तपशिलात पाहू. यातले आकडे समजण्यासाठी बेतलेले आहेत. घडण्याची रीत मात्र नेहमीची आहे.

सोमवार ५ मे ते रविवार ११ मे या आठवड्यात लॉगबुकांनुसार महाडमध्ये ९६ आणि पोलादपूरमध्ये ८४ अशा एकूण १८० खेपा झाल्या. प्रत्येक खेप १०,००० लिटरची, म्हणजे एकूण १८ लाख लिटर. डॅशबोर्ड दाखवतो २० लाख ७० हजार लिटर. २ लाख ७० हजार लिटर, म्हणजे १५ टक्के पाणी जास्त दिसते आहे.

इथे अनेकजण थांबतात आणि 'आकडे चुकीचे आहेत, कृपया पाहावे' असे लिहून पाठवतात. पण अजून तीन पायऱ्या आहेत आणि त्या चढायला एक दुपार पुरते.

पहिली पायरी म्हणजे मूळ तक्त्यातच दुबार ओळी आहेत का ते पाहणे. लॉगबुकात लिहिताना प्रत्येक खेपेला क्रमांक मिळत असेल, तर तो पुन्हा आला आहे का हे विचारता येते :

```sql
SELECT khep_id, COUNT(*) AS n
FROM tanker_khepa
WHERE divas BETWEEN '2025-05-05' AND '2025-05-11'
GROUP BY khep_id
HAVING COUNT(*) > 1;
```

उत्तरात १५ क्रमांक येतात, प्रत्येक दोनदा. सगळे महाडचे, सगळे बुधवार ७ मेचे. त्यांच्या चढवण्याच्या वेळा पाहिल्या की कारण कळते :

```
khep_id  divas       tanker  vel    litre  load_at
M-0412   2025-05-07  T-06    09:10  10000  2025-05-07 18:05
M-0412   2025-05-07  T-06    09:10  10000  2025-05-08 10:20
```

खेप एक, चढवणे दोन. बुधवारचा तक्ता संध्याकाळी एकदा आणि गुरुवारी सकाळी पुन्हा आला. १५ खेपांचा हिशेब लागला, १२ अजून उरल्या.

दुसरी पायरी म्हणजे जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजणे. ही तपासणी इतकी सोपी आहे की ती वगळली जाते याचे मला नेहमी वाईट वाटते.

```sql
SELECT COUNT(*) FROM tanker_khepa k
WHERE k.divas BETWEEN '2025-05-05' AND '2025-05-11';

SELECT COUNT(*) FROM tanker_khepa k
JOIN wadi_yadi w ON k.wadi = w.wadi
WHERE k.divas BETWEEN '2025-05-05' AND '2025-05-11';
```

पहिले उत्तर १९५, दुसरे २०७. जोडणीने १२ ओळी वाढवल्या. त्या सगळ्या मधलीवाडीच्या आहेत. पोलादपूरमधल्या एका गावच्या मधलीवाडीला सहा खेपा गेल्या होत्या आणि यादीत मधलीवाडी तीनदा आहे, दोन पोलादपूरमध्ये आणि एक महाडमध्ये. सहाच्या अठरा झाल्या. त्यातल्या सहा महाडच्या खात्यावर पडल्या. म्हणजे या दोषाने बेरीज फुगवलीच, शिवाय पोलादपूरचे पाणी महाडमध्येही दाखवले. पोलादपूरला मंजूर झालेला टँकर महाडच्या पानावर दिसणे, ही या प्रकारची हमखास खूण आहे.

तिसरी पायरी म्हणजे जे दुबार नाही ते बाजूला काढणे. या आठवड्यात तारीख, टँकर, वाडी आणि लिटर सारखे असलेल्या पण वेगळ्या वेळेच्या २२ जादा खेपा आहेत :

```
khep_id  divas       tanker  vel    litre
P-0231   2025-05-06  T-02    09:10  10000
P-0233   2025-05-06  T-02    14:40  10000
```

क्रमांक वेगळे, वेळा वेगळ्या, लॉगबुकात दोन्हींवर गावातल्या माणसाची सही. घाईने कोणी या चार रकान्यांवर `DISTINCT` लावले असते तर बेरीज १८० वर न थांबता १५८ वर आली असती. २० लाख ७० हजारांऐवजी १५ लाख ८० हजार. फुगवटा गेला असता आणि त्याच्या जागी तूट आली असती. फुगलेल्या आकड्याकडे निदान कोणाचे तरी लक्ष जाते. तूट आली की ती टँकरचालकाच्या बिलात आणि वाडीच्या वाट्यात शिरते, आणि तिथे तक्रार करणाऱ्याच्या हातात पुरावा नसतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. खेपेचा क्रमांक खेप होतानाच मिळालेला असेल तरच पहिली तपासणी चालते. बऱ्याच ठिकाणी क्रमांक संगणकावर चढताना आपोआप पडतो. मग दुसऱ्यांदा चढवलेल्या ओळींना नवे क्रमांक मिळतात आणि तपासणी एकही दुबार ओळ दाखवत नाही. अशा वेळी तारीख, टँकर आणि टँकर भरल्याची वेळ मिळून किल्ली करावी लागते. त्यातही एका नोंदीत ९:१० आणि जीपीएसच्या नोंदीत ९:१२ असेल तर तंतोतंत जुळणी फसते.

संदेशात काय असावे

येथून कळवण्याचा प्रश्न येतो. याबाबत दोन मते आहेत. आकडे सांभाळणारे बरेचजण म्हणतात की कळवणाऱ्याने फक्त दिसले ते सांगावे, कारण सांगू नये. चुकीचे कारण दिले की शोध त्याच दिशेने जातो आणि दिवस वाया जातात. तालुक्यात बसून नोंदी पाहणारे याच्या उलट सांगतात : तक्ता दोनदा चढला हे आम्हालाच माहीत असते, ते न सांगता केवळ आकडा देणे म्हणजे माहिती दडवणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला वाटते की दिसलेली गोष्ट आणि तिच्याबद्दलचा अंदाज एकाच संदेशात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत असावेत. वाचणाऱ्याला कुठे पुरावा संपतो आणि कुठे तर्क सुरू होतो ते दिसले पाहिजे.

वरच्या उदाहरणावर असा संदेश लिहिता येईल :

> विषय : ५ ते ११ मे, महाड-पोलादपूर, टँकर पाणीपुरवठ्याची बेरीज २,७०,००० लिटरने जास्त
>
> नमस्कार,
>
> डॅशबोर्डवर या आठवड्याची बेरीज २०,७०,००० लिटर (२०७ खेपा) दिसते. दोन्ही तालुक्यांच्या लॉगबुकांची बेरीज १८,००,००० लिटर (१८० खेपा) आहे. आकडा आज सकाळी ११ वाजता पाहिला. तालुका आणि आठवडा सोडून दुसरी कोणतीही चाळणी लावलेली नव्हती.
>
> जादा २७ ओळींचा हिशेब असा : १५ ओळी `tanker_khepa` मध्येच दोनदा आहेत. `khep_id` तोच, `load_at` वेगळा, सगळ्या महाडच्या ७ मेच्या. उरलेल्या १२ ओळी `wadi_yadi` शी जोडल्यावर वाढतात. जोडणीआधी १९५, नंतर २०७. सगळ्या 'मधलीवाडी'च्या. दोन्ही तपासण्यांच्या क्वेरी आणि २७ ओळींची यादी सोबत आहे. चालकांचे फोन क्रमांक काढून टाकले आहेत.
>
> माझा अंदाज : ७ मेचा तक्ता ८ मेला सकाळी पुन्हा चढला असावा. जोडणी गावाच्या कोडशिवाय होत असावी.
>
> कृपया तारीख, टँकर, वाडी, लिटर यांवर सरसकट `DISTINCT` लावू नये. एकाच दिवशी त्याच वाडीला गेलेल्या २२ खऱ्या खेपा त्यात जातील. दोन नमुने (P-0231, P-0233) सोबत आहेत.
>
> इतर आठवडे आणि इतर तालुके मी तपासलेले नाहीत. खासगी टँकरची या आठवड्याची बिले सोमवारी निघायची आहेत, म्हणून तोवर डॅशबोर्डवर सूचना लावता येईल का, हे कळवावे.

या संदेशात अपेक्षित आकडा कुठून आला ते सांगितले आहे. नुसते 'जास्त वाटते' म्हटले तर समोरचा कशाशी ताडून पाहणार? फरक शेवटच्या ओळीपर्यंत फोडला आहे, २७ पैकी एकही ओळ 'इतर' मध्ये ढकललेली नाही. आणि चुकीच्या दुरुस्तीचा धोका आधीच दाखवला आहे. हा शेवटचा भाग सर्वांत कमी लिहिला जातो. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा, कारण एका दिवसात दोन खेपा खरोखर होतात हे तालुक्यातल्या माणसाला माहीत असते आणि मुख्यालयात बसून ते दिसत नाही.

पुराव्याच्या रूपाबद्दलही मतभेद आहेत. पडद्याचे चित्र पाठवणे सोपे, पण त्यावर काही शोधता येत नाही आणि आकडा पुढच्या तासाला बदलला तर चित्र निरुपयोगी होते. क्वेरी पाठवली तर समोरचा ती पुन्हा चालवून पाहू शकतो. मात्र प्रत्येकाला ती लिहिता येत नाही. अशांनी दोन-तीन ओळी पूर्ण रकान्यांसह, लॉगबुकाच्या पानाशी ताडून दिल्या तरी पुष्कळ आहे. योजनांच्या लाभार्थी याद्यांच्या बाबतीत एक काळजी जास्त घ्यावी लागते : आधार क्रमांक, खाते क्रमांक संदेशात जाऊ नयेत. ओळ दाखवायला तिचा तक्त्यातला क्रमांक पुरतो.

दुरुस्ती कुठे करावी

पुढचा प्रश्न आकडे सांभाळणाऱ्यांच्या आपसातला आहे. तीन भूमिका आहेत.

एक म्हणते, दारातच अडवा. खेपेच्या क्रमांकावर बंधन घाला, तोच क्रमांक पुन्हा आला तर ओळ नाकारा. कॉड यांच्या विचाराला ही सर्वांत जवळची. तिचा त्रास असा की नाकारलेली ओळ कधी कधी दुरुस्त केलेली असते. पहिल्या तक्त्यात ५,००० लिहिले गेले, दुसऱ्यात ते १०,००० केले. बंधनाने बरोबर ओळ नाकारली आणि चुकीची ठेवली.

दुसरी म्हणते, येईल ते सगळे कच्च्या कोठारात जसेच्या तसे ठेवा आणि पुढच्या टप्प्यात प्रत्येक खेपेची शेवटची ओळ निवडा. यात काहीच हरवत नाही आणि काय घडले ते मागे जाऊन पाहता येते. पण शेवटची ओळ नेहमी बरोबर असते हे गृहीतक आहे. जुना तक्ता चुकून नंतर चढला तर चूक जिंकते. शिवाय कच्च्या कोठारातून थेट बेरीज घेणारा दुसरा कोणी निघाला की फुगवटा परत येतो.

तिसरी भूमिका डॅशबोर्डवरच निस्तरण्याची, म्हणजे खेपा मोजताना वेगळे क्रमांकच मोजायचे. सोमवारी बिले निघणार असतील तर हाच मार्ग हाती असतो, आणि तेवढ्यापुरता तो योग्य आहे. मात्र क्रमांक असे मोजता आले तरी लिटरची बेरीज अशी सुटत नाही. वेगळ्या लिटरांची बेरीज घेतली तर १०,००० च्या सगळ्या खेपांची मिळून एकच धरली जाईल.

जोडणीच्या दोषावर मात्र फारसे दुमत नाही. वाडीच्या नावासोबत गावाचा कोड जोडणीत घ्यायचा आणि वाड्यांच्या यादीत गाव-वाडी ही जोडी एकदाच आहे याची खात्री करायची. वाद उरतो तो वर सांगितलेल्या पहिल्या प्रकाराचा.

काढायची की खूण करायची

दुबार नोंद सापडल्यावर ती पुसावी की तिच्यावर खूण ठेवावी, हा प्रश्न टँकरपुरता नाही. मतदार यादीतल्या दुबार नावांनी तो महाराष्ट्राला चांगलाच परिचित झाला. २०२५ च्या अखेरीस नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुकांआधी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापण्याचा मार्ग घेतला. नाव वगळले नाही. मतदाराला तो कुठे मत देणार ते विचारायचे आणि उत्तर न मिळालेल्याकडून मतदान केंद्रावर हमीपत्र घ्यायचे, अशी ती रीत होती.

संगणकाने सारखी ठरवलेली दोन नावे दोन वेगळ्या माणसांची असू शकतात, ही त्यामागची जाणीव आहे. फेलेगी आणि संटर यांच्या तिसऱ्या गटाचे हे व्यवहारातले रूप. खूण करण्याच्या बाजूचे म्हणतात, चुकीने पुसलेले परत आणणे फार अवघड असते. पुसण्याच्या बाजूचे म्हणतात, खुणेकडे कोणी पाहिले नाही तर यादी फुगलेलीच राहते आणि जबाबदारी शेवटच्या कर्मचाऱ्यावर पडते. टँकरच्या नोंदीत, जिथे खेपेचा क्रमांक आहे तिथे पुसणे सुरक्षित आहे. जिथे वेळेच्या अंदाजावर ठरवावे लागते, तिथे खूण करून लॉगबुक पाहणे हाच मार्ग मला पटतो.

न सुटलेले

सर्वांत मोठा अडथळा वाडीच्या ओळखीचा आहे. जनगणनेत महसुली गावाला कोड असतो, वाडीला नसतो. तिची माणसे गावात मोजली जातात. केंद्राच्या पेयजल विभागाच्या प्रणालीत वस्त्यांना क्रमांक आहेत, पण तो क्रमांक टँकरच्या लॉगबुकात लिहिला गेला तरच जोडणीला उपयोगी पडेल. त्यात वाड्या हलतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली आणि वाचलेल्यांचे पुनर्वसन दुसऱ्या जागेवर करावे लागले. हललेली वाडी जुन्या आणि नव्या अशा दोन ओळींनी यादीत राहिली, तर तिच्या खेपा दुप्पट होऊ शकतात. तिला एकच ओळ ठेवून जागा बदलायची की नवी ओळ उघडून जुनी बंद करायची, यावर सर्वमान्य रीत नाही.

दुसरा प्रश्न मागच्या आकड्यांचा. दोष आज सापडला, पण तो तीन उन्हाळे चालू असेल तर जुने अहवाल बदलायचे का? बदलले नाहीत तर यंदाचा खरा आकडा मागच्या फुगलेल्या आकड्याशी ताडला जाईल आणि टंचाई कमी झाल्यासारखी दिसेल. बदलले तर छापील अहवाल आणि पडदा जुळणार नाहीत. काही ठिकाणी दोन्ही आकडे तारखेसह शेजारी ठेवतात. ते वाचायला जड जाते, पण आजवर सुचवलेल्या उपायांत तेच सर्वांत प्रामाणिक वाटते.

तिसरा प्रश्न संदेश पोहोचल्यानंतरचा. दुरुस्ती झाली हे कळवणाऱ्याला कोण सांगणार, आणि पुन्हा तसेच घडू नये म्हणून रोज रात्री जोडणीआधीच्या व नंतरच्या ओळी मोजण्याची तपासणी कोणाच्या नावावर असणार, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते.

यातले काही वरून ठरायची वाट पाहावी लागेल. दोन गोष्टी मात्र तालुक्यातच करता येतात, आणि लॉगबुक भरणाऱ्या व तक्ता चढवणाऱ्या प्रत्येकाला त्यांची विनंती आहे : टँकर रिकामा होतो त्याच वेळी खेपेला क्रमांक द्या, आणि वाडीच्या नावाआधी गावाचा कोड लिहा.